न लावलेलं कुलूप

मित्रांनो, मी सुटकेस आहे, आणि तीही जुनी. हल्लीच्या पोरींसारखी मला चाकं नाहीत, मला हाताने उचलावं लागतं. माझा एक कोपरा दबलेला आहे आणि दोन खटक्यांपैकी डावा खटका बसत नाही, म्हणून मला दोरीने बांधून ठेवतात. माझ्या पोटात थंडीतली पांघरुणं आहेत. पाठीवर मात्र एका मुलीची सगळी शाळा झाली आहे. तिच्या एका निबंधामुळे आमच्या घरात जे घडलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी थोडं माझ्याविषयी सांगते.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. जाड पुठ्ठ्याचे तक्ते ओले करून साच्यात दाबत, वाळले की त्यांवर तपकिरी रंग चढवत. कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या घालून रिव्हेट ठोकत. आतून फुलाफुलांचं कापड खळीने चिकटवण्याचं काम एक बाई करायच्या. कापडाला एकही सुरकुती राहू नये म्हणून त्या तळहाताने ते मधून कडेकडे सारत न्यायच्या. तो हात अजून आठवतो. आयुष्यात मला मिळालेला पहिला मायेचा स्पर्श तोच.

मग मी एका दुकानाच्या काचेत उभी राहिले आणि तिथून एका मोठ्या घरात गेले. त्या घरचे लोक दरवर्षी सुट्टीला जात. डोंगरावर जात, समुद्रावर जात, एकदा तर बर्फातही गेले. मी सगळीकडे गेले. लोक म्हणतील, काय भाग्य! खरं सांगू का, सुटकेसने सुट्टी पाहिलेली नसते. आम्ही अंधारात जातो, खोलीत उघडतो आणि पुन्हा अंधारात परत येतो. तरी हमालाने टाकलं की किती दुखतं आणि मालकिणीने हाताशी धरलं की कसा रुबाब चढतो, हे मला ठाऊक आहे. डावा खटका तुटला तशी माझी हौस फिटली. मालकिणीने नवी पेटी आणली आणि मला फाटकावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं.

तो पहारेकरी म्हणजे आमचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, तरणेबांड होते. त्यांनी मला डोक्यावर घेऊन घरी आणलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि बायकोला म्हणाले, "बघ, काय चीज आणली!"

"जायचंय कुठे?" बायको म्हणाली.

जायचं कुठेच नव्हतं. मी कपाटावर चढले ती कित्येक वर्षं तिथेच. धूळ बसली, पालीने एकदा अंडी घातली. मला वाटलं, संपलं आपलं.

पण नंतर या घरात नात आली. ती चालायला लागली तीच मुळी गोल गोल फिरत, म्हणून तिला भिंगरी म्हणू लागले. भिंगरी शाळेत जायला लागली तेव्हा घरात टेबल नव्हतं. तिच्या बाबांनी मला खाली काढलं, भिंतीला लागून आडवी ठेवली, आणि मी टेबल झाले. भिंगरी मांडी घालून बसायची, माझ्यावर वही ठेवायची आणि पेन्सिल अशी दाबून लिहायची की प्रत्येक अक्षर माझ्या पाठीत उतरायचं. मित्रांनो, मला अक्षरं अशी म्हातारपणी आली. आधी उभी रेघ कळली, मग गाठ, मग वेलांटी. वाकून बघायची सोय नव्हती, म्हणून मी पाठीनेच वाचायला शिकले.

आता घरातल्या माणसांची ओळख करून देते. भिंगरीचे बाबा दुकानादुकानांत माल पोचवणारी गाडी चालवतात. आई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, पहाटेची पाळी असते. आजी शेजारच्या मुलांना सांभाळते. आणि आजोबा आता निवृत्त, पण पहारा सुटलेला नाही. या घराची एक रीत आहे: घर कधी रिकामं ठेवायचं नाही. कोणाचं लग्न असो, बारसं असो, दवाखाना असो, एक माणूस मागे राहणार. तो माणूस बहुतेक वेळा आजोबाच. म्हणून आमच्या दाराला आतून कडी आहे, बाहेरून कोयंडाही आहे, पण त्या कोयंड्यात आजवर कुलूप पडलेलं नाही. घरात कुलूपच नाही.

एके दिवशी भिंगरी शाळेतून आली आणि दप्तर माझ्यावर आपटून म्हणाली, "बाईंनी निबंध दिलाय. माझ्या स्वप्नातली सुट्टी. सगळ्या कुटुंबासोबत. आणि ज्यांचा चांगला होईल त्यांनी पालकांच्या दिवशी तो सगळ्यांसमोर वाचायचा."

बाईंनी फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते: कोण कोण गेलो, कसे गेलो, काय पाहिले, काय खाल्ले, परत येताना काय वाटले. आधी कच्च्या वहीत लिहायचं, दाखवायचं, मग पक्क्या वहीत उतरवायचं. आणि एक ताकीद होती. स्वप्न असलं तरी "जाऊ, करू, बघू" असं लिहायचं नाही. जाऊन आल्यासारखं लिहायचं.

भिंगरीने सोपा रस्ता धरला. वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे निबंधांचं तयार पुस्तक होतं, ते आणलं आणि त्यातला निबंध उतरवून काढला. हात भराभर चालला होता, पण पेन्सिल वरवर फिरत होती. माझ्या पाठीत एक शब्द उतरेना. ती पुटपुटत होती, निळाशार समुद्र, सोनेरी वाळू, मंद वारा.

दुसऱ्या दिवशी ती पाय आपटत आली.

"काय गं, काय झालं?" आजीने विचारलं.

"बाई म्हणाल्या, तुला भाऊ कधी झाला?"

पुस्तकातल्या निबंधात धाकटा भाऊ होता. भिंगरीने त्याच्यासकट सगळं उतरवलं होतं.

"अगो बाई!" आजी पोट धरून हसली. "नातू झाला आणि मला पत्ता नाही! सूनबाई, बारसं तरी करायचं होतं."

"हसू नको गं. बाई म्हणाल्या, ही सुट्टी कोणा दुसऱ्याची आहे. तुझी लिही."

मग त्या संध्याकाळी जेवताना भिंगरी पेन्सिल घेऊन एकेकाला विचारत सुटली.

"आई, तुला कुठे जायचंय?"

"मला? जिथे पहाटे कोणी उठवणार नाही तिथे."

"ते ठिकाण नाही!"

"माझ्यासाठी आहे."

"बाबा?"

"कुठेही चल. फक्त गाडी मी चालवणार नाही. मी मागे बसणार, पाय पसरून झोपणार आणि पोचलो की म्हणणार, अरे, आलं पण?"

आजीला समुद्र हवा होता. तिला पाण्यात पाय बुडवून उभं राहायचं होतं. पण लगेच तिला काळजी लागली. "आणि चपला? पाण्यात गेलं की चपला कोण सांभाळणार?"

"मी सांभाळते," भिंगरीने लिहून टाकलं. "आजोबा, तुम्ही?"

"मी घरी," आजोबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"नाही ना आजोबा, सगळ्या कुटुंबासोबत असं लिहायचंय."

"मग लिही की. सगळे गेले, आजोबा घरी राहिले. त्यात खोटं काय?"

भिंगरीने तसं लिहून नेलं. बाईंनी समासात लाल पेनने लिहिलं, "आजोबा कुटुंबात नाहीत का?" आणि वही परत दिली. सोमवारी शेवटची संधी होती.

आता पोरीने घर सांभाळायची सोय लावायला घेतली. निबंधात हो! आधी लिहिलं, शेजारचे काका आमच्या घरी राहिले. आजोबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "तो? स्वतःचा नळ बंद करायचं लक्षात राहत नाही त्याला. माझं घर त्याच्या हवाली?" ते खोडलं. मग एक मोठा काळा कुत्रा आणला. आजोबा म्हणाले, "त्याला खायला कोण घालणार?" कुत्रा खोडला. मग एक यंत्रमानव आणला. आजोबांनी शांतपणे विचारलं, "वीज गेली तर?"

खोडरबरने माझी पाठ अगदी चोळून निघाली होती.

शेवटी बाबांचा आवाज चढला. "अहो, निबंध आहे तो! खरंच कोणी निघालंय का? कागदावरसुद्धा तुम्ही दार सोडणार नाही?"

"कागदावर झालं तरी घर आपलंच ना," आजोबा म्हणाले. "ते उघडं टाकून गेले असं माझ्या नावावर लिहायचं नाही."

"एक सांगू का तुम्हाला?" आजी अचानक म्हणाली. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. "आजपर्यंत मी एका लग्नात नीट जेवले नाही. पहिला घास घेतला की मनात येतं, हे घरी एकटे काय खात असतील. सगळे म्हणतात, घराला पहारा आहे. मी म्हणते, मला पहारा आहे. कुठेही गेले तरी अर्धी इथेच असते."

आजोबा उठून दारात जाऊन बसले. भिंगरीने वही मिटली. "मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "बाईंना सांगते, आमचं कुटुंब एका गाडीत बसत नाही."

मित्रांनो, मी मुकी वस्तू. पण त्या क्षणी मला फार वाटलं की बोलावं.

रविवारी दुपारी ऊन चांगलं होतं. आईने माझी दोरी सोडली आणि पांघरुणं उन्हात टाकायला काढली. भिंगरी रिकाम्या माझ्यात हात घालून बसली. माझं फुलांचं कापड एका कडेला सुटलं आहे. तिथे तिने बोट घातलं आणि ओढलं. बोटाला वाळू लागली.

"आजोबा! हिच्यात वाळू आहे!"

आजोबा जवळ आले. त्यांनी बोटाच्या टोकावर कण घेऊन पाहिले. "समुद्रावरची असणार," ते म्हणाले. "साहेबांकडचे लोक जाऊन आले की सगळ्या सामानातून वाळू पडायची. व्हरांडाभर. मी झाडायचो. समुद्र मी तेवढाच बघितलाय, झाडूने."

भिंगरी हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला जावंसं नाही वाटलं कधी?"

आजोबांनी बोटावरचे कण परत माझ्यात झटकले. "हे बघ," ते म्हणाले, "राहायचं कसं ते मला येतं. जायचं कसं ते नाही येत. लोक निघाले की मी फाटक उघडायचो. आपण स्वतः फाटकाबाहेर पडायचं, ते कधी केलंच नाही."

"पण निघताना काय काय करतात ते तर तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय म्हणजे? मीच करायचो सगळं. ते आपले गाडीत जाऊन बसायचे."

"सांगा ना."

भिंगरीने माझं झाकण लावलं, वही ठेवली आणि पेन्सिलीला टोक केलं. आजोबा सांगू लागले आणि ती लिहू लागली. पण लिहिताना तिने एक गंमत केली. साहेबांचं घर काढलं आणि आपलं घर घातलं. मला पाठीवर कळत होतं, आजोबांना ठाऊक नव्हतं. मग ती मोठ्याने वाचायला लागली.

"आम्ही समुद्रावर गेलो. निघताना आजोबांनी आधी गॅस बंद केला. मग नळ बघितले. मग खिडक्या लावल्या. सगळे बाहेर आल्यावर आजोबा बाहेर आले. त्यांनी कुलूप लावले आणि एकदा ओढले."

"एकदा नाही, तीनदा," आजोबा म्हणाले. "पहिल्यांदा ओढलं की ते बसतं. दुसऱ्यांदा ओढलं की खात्री होते. तिसऱ्यांदा मनासाठी."

भिंगरीने खोडलं, लिहिलं. "तीन वेळा ओढले. मग किल्ली पिशवीत टाकली."

"पिशवीत? छे! पिशवी हरवते. सदऱ्याच्या आतल्या खिशात. वरून पिन."

"आतल्या खिशात ठेवली आणि वर पिन लावली. मग आम्ही गाडीत बसलो आणि निघालो."

"थांब थांब. असा लगेच निघतोय कुठे मी? कोपऱ्यावर गाडी थांबवायची. मी उतरून मागे वळून बघणार. दार दिसलं की मग निघायचं."

आजी दारात पांघरूण झटकत होती. तिचे हात थांबले. आजोबा 'मी' म्हणाले होते. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते एकदम उठून उन्हातली पांघरुणं उलटायला लागले. भिंगरीने मान वर केली नाही. तिने पटकन लिहून घेतलं, इतकं दाबून की ते वाक्य आजही माझ्या पाठीवर आहे: आजोबा कोपऱ्यावर उतरले, त्यांनी मागे वळून बघितले आणि ते परत गाडीत येऊन बसले.

पुढचा निबंध मग एका बैठकीत झाला. बाबा मागच्या बाकावर झोपले, त्यांचं तोंड उघडं होतं. आईला कोणी उठवलं नाही. आजी पाण्यात उभी राहिली आणि भिंगरीने तिच्या चपला छातीशी धरल्या. आजोबांनी वाळूत हात घातला आणि म्हणाले, अरे, ही झाडायची नाही. परत येताना सगळ्यांच्या पायांना वाळू होती. शेवट तिने असा केला: "आम्ही घरी आलो. कुलूप जसेच्या तसे होते."

सोमवारी बाईंनी निबंध वाचला. समासात लिहिलं, "समुद्र थोडा आहे, पण कुटुंब पूर्ण आहे. पालकांच्या दिवशी वाचणे." आणि खाली आणखी एक ओळ होती, "निबंधात आहेत ते सगळे ऐकायला यावेत."

आनंद झाला आणि अडचणही झाली. शाळा दोन गल्ल्या पलीकडे. आईने पाळी बदलून घेतली, बाबांनी गाडी दुसऱ्याला दिली. पण आजोबांना कोणी काही विचारलं नाही. एकदा विचारलं आणि 'मी घरी' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारायची सोय राहिली नसती. भिंगरी रोज संध्याकाळी निबंध वाचून सराव करायची. 'तीन वेळा ओढले' हे वाक्य आलं की तिचा आवाज जरा बारीक व्हायचा.

पालकांच्या दिवशी सकाळी आजोबा कोणालाही न सांगता बाहेर गेले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मग त्यांनी तेलाची बाटली मागितली. बाहेरच्या कोयंड्यावर रंगाचे थर चढून तो घट्ट बसला होता. आजोबांनी चाकूने रंग खरवडला, तेल सोडलं, आणि पुढे मागे, पुढे मागे हलवत राहिले.

"काय करताय?" आजीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"दिसत नाही का? गंज काढतोय."

"आज बरा आठवला गंज!"

"तू तयार हो. निघायच्या वेळी तुझं काहीतरी राहतं."

दुपारी सगळे निघाले. मी भिंतीशी होते. आजोबांनी गॅस बघितला, नळ बघितले, खिडक्या लावल्या. जाता जाता माझी दोरीसुद्धा ओढून पाहिली. मग दार लागलं. बाहेरून एक आवाज आला, जो या घराने कधी ऐकला नव्हता. खट्ट. मग कुलूप ओढल्याचा आवाज. एकदा. दोनदा. तीनदा.

पावलं लांब गेली. आणि पुन्हा एकाच माणसाची पावलं परत आली. चौथ्यांदा कुलूप ओढलं गेलं. लांबून भिंगरी ओरडली, "आजोबा, कोपऱ्यावरून नुसतं बघायचं असतं!"

मग सगळं शांत झालं.

त्या दुपारी घरात मी एकटी होते. निबंध कसा वाचला गेला, ते मी ऐकलं नाही. टाळ्या किती वाजल्या, ठाऊक नाही. मी फक्त पहारा केला. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर आली, सरकत भिंतीवर चढली आणि गेली. घराला काहीही झालं नाही.

तिन्हीसांजेला कुलूप निघालं. आजीचं हसू आधी आत आलं. ती सांगत होती की शाळेत दिलेला खाऊ तिने सगळा संपवला, एकही घास मागे ठेवला नाही. भिंगरी गोल गोल फिरत होती. आजोबा मात्र उंबऱ्यातच थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि नेहमी परत आलेले लोक त्यांना जे विचारायचे, तेच त्यांनी रिकाम्या खोलीला विचारलं.

"सगळं ठीक ना?"

खोलीत माझ्याशिवाय होतंच कोण? मला बोलता आलं असतं, तर मी म्हटलं असतं, हो साहेब, सगळं ठीक. बिनधास्त जात जा.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी म्हातारी तुमच्याही कपाटावर असेल. तिला अधूनमधून खाली काढा, ऊन दाखवा, खटक्यांना तेल द्या. तिच्यात वाळू सापडली तर लगेच झाडून टाकू नका, ती कुठली ते घरात विचारा. आणि तुमच्या घरी नेहमी कोणी एकच माणूस मागे राहत असेल, तर त्यालाही असंच अधूनमधून बाहेर काढा. त्याच्याही कोयंड्याला तेल लागतं.

माझी दोरी आता नवी आहे. आजोबांनीच आणली. बांधताना ते आजीला म्हणाले, "ही जुनीच बरी. सामान मावेल आपलं."

"जायचंय कुठे?" आजीने विचारलं.

या वेळी आजोबांनी दोरीची गाठ मारली आणि तीन वेळा ओढून बघितली.